मदत हवी आहे: खोलीतल्या तिजोरीची सूचना कशी लिहावी? हॉटेलही सांभाळलं जावं आणि पाहुणाही दुखावू नये

किनाऱ्यावरचा

अलिबागजवळ 24 खोल्यांचं हॉटेल आहे. शनिवार-रविवारी कुटुंबं येतात, लग्नसराईत वऱ्हाडं. आता प्रत्येक खोलीतल्या कपाटात आकडे दाबून उघडणारी तिजोरी बसवतोय. रिसेप्शनमागच्या खोलीत सहा खणांचं जुनं लॉकर आहे, प्रत्येक खणाला दोन चाव्या, एक पाहुण्याकडे आणि एक आमच्याकडे.

सध्या दाराच्या आतल्या बाजूला ही पाटी आहे:

“आपल्या मौल्यवान वस्तूंची जबाबदारी आपली स्वतःची राहील. चोरी अगर गहाळ झाल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही. नोकरवर्गाच्या भरवशावर सामान सोडून जाऊ नये. हुकुमावरून.”

पाहुणे वाचून विचारतात, “इथे चोऱ्या होतात का?” आणि खोली आवरणाऱ्या बायकांना ती पाटी रोज पुसावी लागते, हे वेगळंच. नवा मजकूर हवा आहे. पाटी, चेक-इनचा कागद आणि काही हरवल्यावर काय बोलायचं, तिन्हीसाठी.

बापू लॉजिंगवाले

पाटी बदला, पण “जबाबदार राहणार नाही” काढू नका. तेवढं वाक्य असलं की काही होत नाही. नोंदवहीत सही घेताना खाली तेच छापून घ्या. पाहुण्यानं वाचून सही केली म्हणजे विषय संपला. विलायतेत तर कायद्यानंच मर्यादा आहे, एका वस्तूला 50 पौंड आणि एका पाहुण्याला एकूण 100. आपणही पाटीवर 5,000 रुपये लिहून मोकळं व्हावं.

कलमबहाद्दर

बापू, अर्धं बरोबर आहे. ते 50 आणि 100 पौंड इंग्लंडच्या 1956 च्या हॉटेलमालकांच्या कायद्यातले, आणि तिथेही ते सरसकट लागू नाहीत. पाटी रिसेप्शनपाशी किंवा मुख्य दारापाशी ठळक लावलेली हवी. वस्तू हॉटेलच्या किंवा नोकरांच्या चुकीनं गेली, पाहुण्यानं ती मुद्दाम सांभाळायला दिली होती, किंवा तो द्यायला आला आणि हॉटेलनं नाही म्हटलं, तर ही मर्यादा उडते. आपल्याकडे अशी मर्यादा देणारा कायदा नाही, त्यामुळे त्यांच्या पाटीची नक्कल करून हातात काही येत नाही.

आपल्याकडे बघायचा तो सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा निकाल. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात 1998 साली पार्किंगला दिलेली गाडी चोरीला गेली होती. पावतीवर “गाडी मालकाच्या जबाबदारीवर” असं छापलेलं होतं. न्यायालयाचं म्हणणं असं की, वस्तू एकदा ताब्यात घेतली की हॉटेलला किंवा त्याच्या माणसांना निष्काळजीपणा करून त्या छापील ओळीमागे लपता येत नाही. काळजी घेतली होती हे हॉटेलनं दाखवायचं. कराराच्या कायद्यातलं कलम 151 काळजीचं माप सांगतं: साधा शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी घेईल तेवढी.

म्हणून तुमच्या दोन सोयी कायद्याच्या नजरेत सारख्या नाहीत. रिसेप्शनच्या लॉकरमध्ये ठेवलेला हार तुम्ही हातात घेतलेला आहे, पावती दिलेली आहे. तिथे जबाबदारी स्पष्ट आहे. खोलीतल्या तिजोरीत काय आहे हे तुम्हाला माहीतच नसतं, आकडाही पाहुण्याचाच. तिथे “ताब्यात घेतलं” असं म्हणता येईल का, यावर दोन्ही बाजूंनी भांडता येतं. पण तिजोरी नुसती फळीवर ठेवलेली असेल किंवा पाहुण्याचा आकडा काहीही असला तरी तिजोरी उघडणारा, कारखान्यातून आलेला मुख्य आकडा तसाच असेल, तर ग्राहक आयोगापुढे सेवेतली त्रुटी म्हणून तेच पुरेसं होऊ शकतं.

सुमेधा पुणे

आमच्या घरच्या तिजोरीच्या बॅटऱ्या संपल्यात आणि चावी सापडत नाहीये. बाहेरून वीज देता येते म्हणतात ते कसं?

चावीवाला

सुमेधाताई, हा धागा हॉटेलच्या सूचनेचा आहे, तरी सांगतो. पॅनेलवर बारीक झाकणाखाली 9 व्होल्टच्या बॅटरीसाठी दोन टोकं असतील तर ती बॅटरी टेकवून धरा आणि आकडा दाबा. टोकं नसतील तर कंपनीच्या माणसाला बोलवा. ड्रिल लावू नका.

किनाऱ्यावरचा, मजकूर लिहिण्याआधी चार गोष्टी बघा, नाहीतर पाटी एक सांगेल आणि तिजोरी भलतंच करेल.

एक, मुख्य आकडा. नव्या तिजोऱ्यांना कंपनीचा ठरलेला आकडा असतो, बऱ्याचदा सगळी शून्यं किंवा तसंच काही सोपं. तो माहितीपुस्तिकेत छापलेला असतो आणि पुस्तिका इंटरनेटवर असते. बसवणारा कारागीर तो बदलत नाही, कारण त्याला कोणी सांगितलेलं नसतं. 24 च्या 24 बदला, आणि बदलल्यावर जुना आकडा दाबून खरंच उघडत नाही ना, ते प्रत्येक तिजोरीवर बघा.

दोन, बोल्ट. आतल्या तळाला किंवा पाठीला भोकं असतात. तिथून बोल्ट भिंतीत गेला पाहिजे. कपाटाच्या प्लायवूडमध्ये मारला तर चोर फळीसकट तिजोरी काखोटीला मारून नेईल.

तीन, पद्धत. बहुतेक तिजोऱ्या दोन तऱ्हेनं चालवता येतात. घरगुती पद्धतीत आकडा कायम राहतो. हॉटेलच्या पद्धतीत उघडली की जुना आकडा जातो आणि बंद करताना नवा द्यावा लागतो. घरगुतीवर राहिली तर शुक्रवारच्या पाहुण्याचा आकडा रविवारच्या पाहुण्याच्या तिजोरीला चालतो. हे आपोआप कळत नाही. एक आकडा लावून बंद करा, उघडा, दुसरा लावून बंद करा आणि मग पहिला दाबून पाहा.

चार, सेल. चांगले अल्कलाइन घाला. समुद्राच्या हवेत टोकांवर हिरवा थर धरतो, मग सेल नवे असले तरी मोटर अर्ध्यात थांबते. दर तीन महिन्यांनी झाकण उघडून बघायला सांगा.

आगतस्वागत

चावीवाल्यांनी सांगितलं त्यातूनच मजकूर निघतो. पाटीवर तेवढंच लिहा जेवढं मागे करून दाखवता येईल. पाहुण्याला टोचतं ते “काळजी घ्या” नव्हे. जुन्या पाटीतल्या चार वाक्यांत हॉटेल काय करतं हे एकदाही येत नाही. पाहुण्यानं काय करायचं नाही आणि आम्ही कशाला बांधील नाही, एवढंच येतं. सुरुवात हॉटेलच्या कामापासून केली की तीच गोष्ट वेगळी वाटते.

शब्दांचंही बघा. “चोरी” हा शब्द पाटीवर नकोच, “न सापडल्यास” पुरतं. “नोकरवर्ग” काढा. “हुकुमावरून” तर तलाठी कार्यालयात शोभतं. “मौल्यवान वस्तू” म्हटलं की लोकांना फक्त सोनं आठवतं आणि पासपोर्ट उशीखाली राहतो, म्हणून दागिने, रोख, पासपोर्ट, कॅमेरा अशी नावं घ्या. आणखी एक गोंधळ: खोलीतल्या तिजोरीलाही आपले लोक “लॉकर”च म्हणतात. पाटीवर लॉकर लिहाल तर कोणता, हा प्रश्न येणार. आतली ती “तिजोरी” आणि रिसेप्शनवरचं ते “लॉकर”, हे सगळीकडे सारखं ठेवा, स्टाफच्या बोलण्यातही.

माझ्या मते सगळ्यात धोक्याचं वाक्य असं असतं: “ही तिजोरी फक्त आपणच उघडू शकता.” ऐकायला छान, पण खोटं. मुख्य आकडा किंवा आपत्कालीन चावी हॉटेलकडे असते, आणि पाहुणा आकडा विसरला की तुम्ही ती दहा मिनिटांत उघडून देता. त्या क्षणी पाटी खोटी पडते, आणि नंतर काही न सापडल्यास ते वाक्य तुमच्याच विरोधात वाचलं जातं. त्यापेक्षा उघडता येतं हे आधीच सांगा, आणि कशा पद्धतीनं उघडतो तेही सांगा.

हा कच्चा मसुदा:

“आपल्या सोयीसाठी कपाटात तिजोरी आहे. दागिने, रोख, पासपोर्ट आणि लहान कॅमेरा तिच्यात ठेवता येईल. दार लावा, आपल्या पसंतीचा आकडा दाबा आणि बंद झाल्याची खात्री करा. आकडा विसरल्यास रिसेप्शनला कळवा. ड्युटी मॅनेजर आणि आणखी एक कर्मचारी आपल्यासमोरच तिजोरी उघडतील आणि त्याची नोंद करतील. तिजोरीत मावत नाही किंवा अधिक किमतीची आहे अशी वस्तू रिसेप्शनवरच्या लॉकरमध्ये पावती घेऊन ठेवता येते. उघड्यावर राहिलेल्या वस्तूंकडे लक्ष ठेवणं आम्हाला शक्य होत नाही, म्हणून ही सोय जरूर वापरावी. एखादी वस्तू सापडत नसेल तर खोली सोडण्यापूर्वी आम्हाला सांगा, म्हणजे लगेच शोधता येईल.”

बापू लॉजिंगवाले

गोड आहे, पण यात तुम्ही कुठे सुटलात? “जबाबदार नाही” आलंच नाही.

आगतस्वागत

सुटायची जागा पाटी नव्हे, मागची वही आहे. एक उदाहरण घेऊ. खोली 14 मधलं वऱ्हाड. सकाळी अकराला नवरीची मावशी म्हणते, तोडे सापडत नाहीत, रात्री तिजोरीत ठेवले होते. ज्या तिजोऱ्या नोंद ठेवतात त्यांच्यात शेवटच्या उघडझापीच्या वेळा असतात, त्या कंपनीच्या हातातल्या यंत्रानं वाचता येतात. समजा त्यात रात्री 11:40 ला पाहुण्याच्या आकड्यानं बंद, सकाळी 6:15 ला पाहुण्याच्याच आकड्यानं उघडी, पुन्हा बंद नाही, आणि मुख्य आकडा वापरल्याची नोंदच नाही. म्हणजे सव्वासहापासून तिजोरी उघडी होती. दाराच्या कार्डाच्या नोंदीत पाच वेळा दार उघडलेलं, त्यात एकदाच खोली आवरणारीचं कार्ड, 9:05 ला. आता मावशींना प्रश्न विचारता येतो: “सकाळी तयार होताना तोडे काढले होते का, आणि तेव्हा खोलीत कोण कोण होतं?” आरोप कुणावरच नाही आणि दिशा मिळते. बहुधा मेकअपच्या डब्यात किंवा आत्याच्या पर्समध्ये सापडतात. नाही सापडले तर हाच कागद पोलिसांना आणि विमा कंपनीला द्यायचा.

पण हे साधायला तिन्ही घड्याळं जुळलेली हवीत. तिजोरीचं घड्याळ सेल बदलताना चुकू शकतं, दाराचं वेगळं, सीसीटीव्हीचं तिसरंच. बारा मिनिटांचा फरक असला की 9:05 ची नोंद निरुपयोगी, उलट त्या बाईवर उगाच संशय. महिन्याच्या एक तारखेला एका मोबाइलवरून सगळी जुळवा आणि वहीत लिहा. सीसीटीव्ही किती दिवसांनी पुसलं जातं तेही बघा. पंधरा दिवसांनी पुसलं जात असेल आणि तक्रार विसाव्या दिवशी आली तर मसुद्यातल्या “खोली सोडण्यापूर्वी सांगा” या ओळीचं महत्त्व कळेल.

किनाऱ्यावरचा

हे पटलं. आमच्या तिजोऱ्यांत नोंदी राहतात की नाही ते माहीत नाही, स्वस्तातल्या घेतल्यात. बघून सांगतो. आकडा विसरल्यावर उघडण्याचं नीट सांगा ना, तिथेच आमची पोरं गडबडतील.

आगतस्वागत

आधी ओळखपत्र आणि नोंदवहीतलं नाव जुळवा. खोलीत राहतोय म्हणून कुणीही, हे चालणार नाही. नवऱ्याच्या नावावर खोली आणि बायको म्हणते उघडा, तर त्याला फोन करून विचारा. अवघड वाटतं, पण विचारताना “हा आमचा नियम आहे, सगळ्यांनाच विचारतो” एवढं म्हटलं की कुणी चिडत नाही. मग दोघं जण वर जा. उघडल्यावर मागे सरका, आत हात घालू नका, वस्तू पाहुण्यानंच बाहेर काढायच्या. कागदावर तारीख, वेळ, खोली, कारण, दोघांची सही आणि पाहुण्याची सही. आपत्कालीन चावी पाकिटात सीलबंद, पाकिटावर सही, आणि फोडलं की नवं पाकीट. मुख्य आकडा जास्तीत जास्त तिघांना ठाऊक असावा, आणि त्यातला एक नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी बदलायचा.

खोली सोडून गेल्यावर तिजोरी बंद सापडली तरी हाच नियम. आवरायला गेलेल्या बाईनं ती उघडायची नाही, फक्त कळवायचं. दोघांनी उघडायची, सापडलेलं फोटोसकट लिहायचं, आणि मग पाहुण्याला फोन.

कलमबहाद्दर

मसुद्यावर माझ्या दोन दुरुस्त्या. “उघड्यावर राहिलेल्या वस्तूंकडे लक्ष ठेवणं शक्य होत नाही” हे ठीक, कारण ते खरं आहे आणि हात झटकण्यासारखं वाटत नाही. पण “अधिक किमतीची” हे ढिलं आहे. चेक-इनच्या कागदावर रकमेचा आकडा घाला, आणि जास्त किमतीची वस्तू असल्यास पाहुण्यानं लिहून द्यावी म्हणा. माझं वाक्य असं:

“रु. ______ पेक्षा जास्त किमतीची वस्तू सोबत असल्यास कृपया आगमनाच्या वेळी सांगावे. ती रिसेप्शनवरच्या लॉकरमध्ये पावती घेऊन ठेवता येईल.”

रक्कम विमा पॉलिसीत बघून भरा, मनानं नको. आणि एक ओळ स्टाफसाठी, छापायची नाही: हरवल्याची तक्रार आल्यावर लेखी किंवा तोंडी “आम्ही भरून देऊ” म्हणायचं नाही. काही पॉलिसींत विमा कंपनीला न विचारता कबुली दिली तर दावा अडतो. “आम्ही लगेच शोधतो, तुमची तक्रार लिहून घेतो आणि पोलिसांत द्यायची असेल तर सोबत येतो” एवढं बोला.

आगतस्वागत

रकमेच्या बाबतीत माझं मन नाही. समजा 25,000 लिहिलं. वऱ्हाडातल्या चाळीस जणांपैकी तीस जणांकडे त्याहून जास्त सोनं असणार. सगळे चेक-इनला सांगणार? आणि लॉकरचे खण सहाच. सगळे आले तर तुम्हीच “खण शिल्लक नाही” म्हणाल, म्हणजे ठेवायला आलेल्याला नकार दिल्यासारखं झालं. त्यावर उत्तर कुणाकडे आहे?

कलमबहाद्दर

नकार दिला तर तो वहीत लिहा आणि दुसरा पर्याय सुचवल्याचंही लिहा. पण मान्य आहे, वऱ्हाडाच्या बाबतीत रक्कम लिहिणं फसतं. तिथे यजमानाशी आधी वेगळं पत्र केलेलं बरं, की दागिन्यांसाठी एकच खण, एकच जबाबदार व्यक्ती, आणि काढा-घाल त्याच व्यक्तीनं करायची.

देशीपाहुणा

मी हॉटेलवाला नाही, पाहुणा म्हणून लिहितो. मसुदा वाचून पाटी पाहताच पहिली शंका आली: “तिजोरी उघडायला दोघं येतील” म्हणजे उघडता येतेच का? तेवढं वाचून कुणी तिजोरीच वापरली नाही तर?

आगतस्वागत

असं वाटणारे थोडे असतील. पण न सांगितलेली गोष्ट रात्री बाराला कळण्यापेक्षा सांगितलेली बरी. वाटल्यास क्रम फिरवा. आधी “आकडा विसरलात तर काळजी नको” आणि मग दोघांचं. तेच वाक्य मदतीसारखं वाटतं.

शब्दवेडी

हा क्रम बरोबर. आणखी दोन बारीक गोष्टी. “ठेवावे, कळवावे, घ्यावी” अशी एकामागून एक वाक्यं आली की शाळेचं परिपत्रक वाटतं, आणि “ठेवा, कळवा, घ्या” सलग आलं की हुकूम. दोन्ही मिसळा आणि “कृपया” एकदाच लिहा, तीनदा लिहिलं तर लोकांना तो फक्त शिक्का वाटतो. “आपण” आणि “तुम्ही” एका पाटीत मिसळू नका, कुठलं तरी एक धरा. हिंदी आणि इंग्रजी पाट्याही वेगळ्या बसून लिहा. जुन्या इंग्रजी मजकुराचं भाषांतर केलंत तर “जबाबदार नाही” परत शिरेल, कारण त्या वाक्यांची बांधणीच तशी असते.

किनाऱ्यावरचा

आज एक तिजोरी तपासली. जुना मुख्य आकडा चालला. म्हणजे कारागिरानं बदललेलाच नाही. तीन खोल्यांत बोल्ट प्लायवूडमध्येच आहेत, भिंतीपर्यंत गेलेले नाहीत. तोपर्यंत पाटी छापायचं थांबवलंय.

आधी भिंतीचं काम, मग आकडे, मग पाटी. पाटीचा मजकूर आता असा:

“कपाटात तिजोरी आहे. दागिने, रोख, पासपोर्ट आणि लहान कॅमेरा तिच्यात ठेवा. दार लावून आपला आकडा दाबा आणि बंद झालं का ते एकदा ओढून पाहा. आकडा विसरलात तर काळजी नको, रिसेप्शनला कळवा. आमचे दोन कर्मचारी ओळखपत्र पाहून, आपल्यासमोर तिजोरी उघडतील आणि नोंद करतील. तिजोरीत न मावणाऱ्या किंवा जास्त किमतीच्या वस्तू रिसेप्शनवरच्या लॉकरमध्ये पावतीवर ठेवता येतात. उघड्यावर राहिलेल्या वस्तूंवर आम्हाला लक्ष ठेवता येत नाही. काही सापडत नसेल तर कृपया निघण्यापूर्वी सांगा, लगेच शोधू.”

रकमेचं अजून ठरलेलं नाही. विमावाल्याला विचारून येतो. नोंदी राहतात का, ते कंपनीच्या माणसानं यंत्र आणल्यावर कळेल.

चावीवाला

“एकदा ओढून पाहा” हे छान घातलंत. दार बंद वाटतं पण बोल्ट बाहेर आलेला नसतो, असं फार होतं, आतल्या पिशवीचा पट्टा अडकल्यानं. आणि त्या तीन खोल्यांत बोल्ट बदलताना भोक पाडण्याआधी वायरिंग कुठून गेलंय ते बघा. कपाटामागे बऱ्याचदा दिव्याच्या वायरची नळी असते.

बापू लॉजिंगवाले

बरं, मीही माझी पाटी उतरवतो. पण नोंदवहीच्या सहीखालची ओळ ठेवणार. कुणाला ती वाचून राग आलेला अजून पाहिला नाही, बहुतेक वाचतच नाहीत.

कलमबहाद्दर

बापू, पाहुण्यानं वाचलीच नाही अशी ओळ कोर्टात “त्याला मान्य होती” म्हणून कशी दाखवणार?